दोष स्लॅबचा की जोडणीचा?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यातल्या आमच्या घरी आईच्या खोलीत नवा एसी बसवला. दीड टनाचा, इन्व्हर्टरचा. खोली दहा बाय बाराची. चौथ्या रात्री अकरा वाजता रिमोटवर १८ चा आकडा होता आणि आईच्या उशाशी ठेवलेल्या तापमापकावर २९. एसी तीन तास सलग चालू होता, वर पंखाही होता आणि आई पदराने वारा घेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी एसी बसवणारा फिटर आला. त्याने यंत्राला हात लावण्याआधी छताकडे बोट दाखवलं. "काका, वर गच्ची आहे. ही पश्चिमेची भिंत. तुमची बिल्डिंगच तापलेली आहे, त्याला मशीन काय करणार? दोन टनाचा घ्यायला पाहिजे होता." मग त्याने जाळी काढून झटकली, परत लावली आणि निघून गेला.

दोन दिवस मला ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, हात वर केला तरी ती जाणवते. उन्हाळ्यात ज्याच्या घरी एसी नीट थंड करत नाही, त्याला हेच कारण ऐकवलं जातं: वरचा मजला आहे, पश्चिमेची बाजू आहे, काच फार आहे, इमारत जुनी आहे. ग्राहकाला इमारत बदलता येत नाही, म्हणून तक्रार तिथेच संपते. पण हे कारण खरं की खोटं ते घरच्या घरी तपासता येतं, आणि त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचा, बारीक वायरला टोक असलेला डिजिटल तापमापक पुरतो.

त्यामागचं तत्त्व सोपं आहे. एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली हवा तो वरच्या बाजूने आत घेतो, गार नळ्यांच्या जाळ्यावरून फिरवतो आणि खालच्या फटीतून बाहेर सोडतो. हवेतून काढलेली उष्णता गॅसच्या मार्फत बाहेरच्या युनिटपर्यंत जाते आणि तिथे फेकली जाते. इमारत तापलेली असेल तर खोलीत उष्णता जास्त शिरते, म्हणून खोली गार व्हायला वेळ लागतो. पण यंत्राच्या आत शिरलेली हवा बाहेर पडताना किती अंशांनी गार झाली, हे स्लॅब ठरवत नाही. ते यंत्र आणि त्याची जोडणी ठरवते. खोली भट्टीसारखी असली तरी धडधाकट एसीच्या तोंडातून येणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा चांगली दहा-बारा अंशांनी गार असली पाहिजे.

म्हणून खोलीचं तापमान मोजत बसू नये, यंत्राचं तोंड मोजावं. रिमोटवर सगळ्यात कमी तापमान लावायचं, पंखा सगळ्यात वेगात ठेवायचा, दारं-खिडक्या बंद करायच्या आणि वीस मिनिटं थांबायचं. सगळ्यात कमी तापमान अशासाठी की इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, आणि आपल्याला तो पूर्ण ताकदीने चालायला हवा असतो. मग तापमापकाचं टोक आधी वरच्या जाळीपाशी धरायचं, नंतर खाली हवा बाहेर पडते तिथे, दोन्ही ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत.

आईच्या खोलीत वर ३०.५ आले आणि खाली २६. म्हणजे साडेचार अंश. मग मी मधल्या खोलीत गेलो. तिथे सात वर्षांचा जुना एसी आहे, त्याच गच्चीखाली, त्याच पश्चिमेच्या बाजूला. तिथे वर २९ आणि खाली १८, म्हणजे अकरा अंश. एकच स्लॅब, एकच ऊन, आणि जुनं यंत्र नव्याच्या दुपटीहून जास्त काम करत होतं. त्या क्षणी इमारतीवरचा आरोप माझ्यापुरता संपला.

समुद्राजवळच्या गावांसाठी इथे एक सांगायला हवं. हवा दमट असली की एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी पिळून काढण्यात जाते, त्यामुळे मुंबई-ठाण्यात किंवा गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर फरक आठ अंशांवर आला तरी यंत्र ठीक असू शकतं. पण मग ते पाणी दिसलं पाहिजे. म्हणून एसीच्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवावी. दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. आमच्या नव्या एसीने तासाभरात अर्धा पेलाही काढला नाही. हवाही गार नाही आणि पाणीही नाही, म्हणजे यंत्राची ताकदच कुठेतरी गायब होती.

'दोन टनाचा घ्यायला हवा होता' या वाक्याचाही हिशेब करून पाहिला. एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. तो साधारण साडेतीन किलोवॅट भरतो. दीड टनाचं यंत्र पूर्ण ताकदीने खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढू शकतं. आता खोलीत शिरते किती? आमचा स्लॅब अकरा चौरस मीटरचा. संध्याकाळी त्याची खालची बाजू चाळीस अंशांवर धरली आणि खोलीतली हवा सव्वीस, तर त्यातून साधारण एक किलोवॅट उष्णता खाली येते. पश्चिमेच्या भिंतीची त्याच्या निम्मी. दोन माणसं, पंखा आणि दिवा मिळून चारशे वॅट. फटींतून येणारी दमट हवा आणखी अर्धा किलोवॅट. सगळं मिळून अडीच किलोवॅटच्या आसपास. ऐन संध्याकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा हा आकडा तीनवर जातो, रात्री अकराला ऊनही नसतं. हे गणित ढोबळ आहे, प्रत्येक आकडा मी इमारतीच्या विरोधात वाढवूनच धरला आहे, तरीही सव्वापाच किलोवॅटच्या यंत्राने या खोलीत निवांत चालायला हवं होतं. दोन टनाचं यंत्र तशाच पद्धतीने बसवलं असतं तर तेही असंच घामाघूम झालं असतं.

मग चुकलं कुठे? ते समजायला बसवण्याच्या दिवसाकडे परत जावं लागतं. मी तिथेच उभा होतो, पण काय पाहतो आहे ते तेव्हा मला कळत नव्हतं.

आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडलेलं असतं, एक जाड आणि एक बारीक. कारखान्यातून येताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद असतो. नळ्या आणि आतलं युनिट जोडून झालं की त्यांच्यात आपली नेहमीची हवा असते, आणि त्या हवेत ओल असते. गॅस सोडण्याआधी ही हवा काढून टाकणं हा जोडणीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लावतात. तो वीस-तीस मिनिटं चालवून नळ्या पूर्ण रिकाम्या करतात, मग पंप बंद करून गेजचा काटा दहा-पंधरा मिनिटं जागेवर राहतो का ते पाहतात. काटा परत चढू लागला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल उरली आहे. म्हणजे एकाच कामात हवा जाते, ओल जाते आणि गळतीची परीक्षाही होते.

आमच्याकडे पंप आलाच नव्हता. फिटरने बारीक नळीचा व्हॉल्व्ह किल्लीने थोडा उघडला, जाड नळीच्या बाजूने पाच-सात सेकंद फुस्स आवाज होऊ दिला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टाकला. "गॅसने हवा उडवली," असं तो म्हणाला. सगळं काम चाळीस मिनिटांत संपलं. ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते आणि ती चुकीची आहे. थोडी हवा आत उरतेच. एसीमधला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये द्रव होतो आणि आतल्या युनिटमध्ये पुन्हा वायू होतो, याच चक्रातून उष्णता वाहून नेली जाते. हवा त्या दाबाला द्रव होत नाही. ती बाहेरच्या जाळ्यात जागा अडवून बसते, दाब वाढवते आणि कॉम्प्रेसरला जास्त राबवते. आत उरलेल्या ओलीने कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि यंत्राचं आयुष्य घटतं. शिवाय हवा उडवायला वापरलेला गॅस यंत्राचाच असतो, तो तेवढा कमी होतो. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. बंद खोलीत तो असा सोडणं धोक्याचंही आहे.

दुसरी चूक नळीच्या टोकाशी होती. तांब्याच्या नळीचं टोक अवजाराने सनईच्या तोंडासारखं पसरवतात, त्याला फ्लेअर म्हणतात, आणि ते पितळेच्या नटाने घट्ट दाबून बसवतात. कापलेल्या कडेची खरखर साफ केली नाही, टोक तिरकं पसरलं किंवा नट अंदाजाने कमी-जास्त आवळला, तर तिथून गॅस हळूहळू झिरपतो. इतका हळू की पहिल्या दिवशी एसी चांगला गार वाटतो. आमच्याकडेही पहिल्या रात्री आईने पांघरूण मागितलं होतं. आज गार आणि चार दिवसांनी कोमट, हे गळतीचं लक्षण आहे. इमारत चार दिवसांत बदलत नाही.

तिसरी गोष्ट नळीच्या लांबीची. फिटरने बाहेरचं युनिट सोयीच्या जागी, स्वयंपाकघराच्या बाजूला लावलं, त्यामुळे नळी आठ मीटर झाली. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की कारखान्यात भरलेला गॅस तीन मीटर नळीपुरता आहे, पुढच्या प्रत्येक मीटरला वीस ग्रॅम जास्त भरावा. पाच जादा मीटरचे शंभर ग्रॅम. ते कुणी भरले नव्हते. वाढीव नळीचे पैसे मात्र मीटरवर घेतले होते.

आता तक्रारीकडे येतो, कारण माझ्या पहिल्या दोन तक्रारी वाया गेल्या त्या माझ्याच शब्दांमुळे. फोनवर मी म्हणालो, "एसी थंड करत नाही." या वाक्याला 'बिल्डिंग गरम आहे' हे उत्तर तयारच असतं. तिसऱ्या वेळी मी लेखी तक्रार पाठवली आणि तिच्यात मत न लिहिता मोजमाप लिहिलं: बसवल्याची तारीख, मॉडेल आणि सिरियल नंबर, १८ वर लावून वीस मिनिटांनी आत जाणारी हवा ३०.५, बाहेर येणारी २६. त्याच छताखालच्या जुन्या एसीचा फरक अकरा अंश. तासाभरात पाणी अर्ध्या पेल्याहून कमी. नळी आठ मीटर, जादा गॅस भरलेला नाही, व्हॅक्यूम पंप वापरलेला नाही. सोबत तापमापकाचे दोन फोटो आणि बाहेरच्या युनिटवरच्या पाटीचा एक. शेवटी दोन मागण्या केल्या. गॅस वजन करून तपासावा, आणि दोष इमारतीचा असेल तर तसं जॉब शीटवर कारणासह लिहून सही करून द्यावं.

दुसऱ्या मागणीचा परिणाम मला सगळ्यात जास्त जाणवला. तोंडाने इमारतीला दोष देणं सोपं असतं. त्याखाली सही करायची तर आधी काहीतरी मोजावं लागतं.

तीन दिवसांनी कंपनीचा एक जुना, अनुभवी टेक्निशियन आला. त्याने छताकडे पाहिलं नाही. आतल्या युनिटचं झाकण काढून गार नळ्यांच्या जाळ्यावरून हात फिरवला. एका कोपऱ्यात बर्फाची पातळ साय होती आणि उरलेलं जाळं कोरडं, कोमट होतं. गॅस कमी असला की असंच होतं, तो जाळ्याच्या सुरुवातीलाच संपतो आणि पुढची जागा रिकामी राहते. मग त्याने सांध्यावर साबणाचा फेस लावला. आतल्या बाजूच्या जाड नळीच्या नटाशी बारीक बुडबुडे उठू लागले आणि नटाभोवती तेलाचा ओशटपणाही होता. गॅससोबत थोडं तेल बाहेर येतं, त्यामुळे तेलकट सांधा हा गळतीचा जुना साक्षीदार. शेवटी त्याने सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला. पाटीवर ९५० ग्रॅम लिहिले होते. नळीचे जादा शंभर धरून १,०५० हवे होते. निघाले ५४०.

नवीन फ्लेअर करून, नायट्रोजन भरून गळती तपासून, अर्धा तास पंप चालवून आणि काटा स्थिर आहे हे मला दाखवून त्याने गॅस वजनावर भरला. वजनावर हा शब्द महत्त्वाचा आहे. "दोन हजार द्या, गॅस टॉप-अप करतो," असं कुणी म्हणालं तर थांबवावं. एसीमधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळला आहे, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा गळतो. इन्व्हर्टर यंत्रात दाब कॉम्प्रेसरच्या वेगाप्रमाणे वर-खाली होतो, म्हणून नुसत्या गेजवर अंदाजाने भरणंही भरवशाचं नाही.

इमारत कधीच दोषी नसते असं मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्याच्या इमारतींत बाहेरची युनिटं अरुंद डक्टमध्ये किंवा शोभेच्या जाळीमागे एकावर एक लावलेली असतात. खालच्या युनिटने फेकलेली गरम हवा वरचं युनिट पुन्हा आत ओढतं. बाहेर ३३ अंश असताना त्या युनिटच्या मागे ४२ असतील तर आतली ताकद खरोखर घटते. हेही त्याच तापमापकाने मोजता येतं. जुन्या वायरिंगमुळे एसी सुरू असताना व्होल्टेज फार पडत असेल तर तेही खरं कारण ठरू शकतं. पण या दोन्ही गोष्टी बसवण्याआधी दिसतात. जागा निवडणारा, भोक पाडणारा आणि त्याचे पैसे घेणारा माणूस फिटर असतो. डक्टमध्ये यंत्राला श्वास मिळणार नाही हे त्याने आधी सांगायला हवं. बसवून झाल्यावर तेच कारण सांगणं हा जबाबदारी टाळण्याचा प्रकार आहे आणि तो ग्राहकाने मान्य करू नये.

लेखी तक्रारीनेही काम झालं नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. सदोष जोडणी ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. एक काळजी मात्र घ्यावी. लेखी तक्रार पोचण्याआधी बाहेरच्या मेकॅनिककडून सांधे उघडून घेऊ नयेत. गॅस निघून गेला की पुरावाही जातो आणि वॉरंटीवर वाद सुरू होतो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा मोजलं. आत जाणारी हवा २९, बाहेर येणारी १७. तासाभरात बादलीत सव्वा लिटर पाणी. जोडणीचे घेतलेले पैसे कंपनीने लेखी तक्रारीनंतर परत केले. स्लॅब होता तितकाच तापलेला होता, मे महिन्यात त्याहूनही तापला, आणि आईची खोली पाऊण तासात २५ अंशांवर येत राहिली.

तुमच्याकडे एसी बसवायला फिटर येईल तेव्हा चहा विचारण्याआधी दारातच एवढं विचारा: दादा, व्हॅक्यूम पंप आणलाय का? आणला नसेल तर त्याला पंप घेऊन दुसऱ्या दिवशी यायला सांगा.